सही कोणाची ते लिहिले, पण विचारले कोणाला?

दापोडीतल्या एका घरची ही हकीकत आहे. घरच्यांना विचारूनच सांगतो आहोत. त्यांची नावे देत नाही आणि हॉस्पिटलचेही देत नाही, कारण हे दुखणे एका हॉस्पिटलचे नाही.

आबा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. वय 67, पंधरा वर्षांपासून साखर. पावसाळ्यात डाव्या पायाच्या बोटाला जखम झाली आणि चिघळत गेली. थोरली सून कामावरून आली की रोज संध्याकाळी ड्रेसिंग करायची. एका मंगळवारी आबांना सणकून ताप भरला आणि ते बरळू लागले. रात्री आठला दाखल केले. दहाला डॉक्टरांनी सांगितले की बोटे काळी पडली आहेत, गँगरीन वर चढते आहे, जंतू रक्तात गेले आहेत. गुडघ्याखाली पाय काढावा लागेल, सकाळी नऊला ऑपरेशन. थोरला मुलगा चाकणला कंपनीत होता, तो अकराच्या सुमारास धावत आला. त्याच्यापुढे कागद ठेवला, त्याने सही केली. ऑपरेशन नीट झाले आणि आबा वाचले.

पाचव्या दिवशी आबा पूर्ण भानावर आले. चादर बाजूला करून पाहिले आणि मुलाला विचारले, "माझा पाय काढायला कुणी सांगितलं?"

"आबा, डॉक्टर म्हणाले, नाहीतर वाचणार नाही."

"ते कळलं. मला कुणी विचारलं का?"

मुलाकडे उत्तर नव्हते. पुढे तीन महिने बाप-लेक एकमेकांशी धड बोलले नाहीत.

आम्ही आरोग्य पानाचे दोघे-तिघे त्या घरी गेलो. अर्ज देऊन आबांच्या इनडोअर पेपरची नक्कल मिळवली. त्यात या निर्णयाबद्दल एवढेच होते: "रुग्ण बोलण्याच्या स्थितीत नाही. नातेवाईकांना धोका समजावून सांगितला. संमती घेतली." खाली मुलाची सही.

मग घरातल्या प्रत्येकाशी वेगवेगळे बोललो, तेव्हा तीन गोष्टी कळल्या. आबांच्या पत्नी म्हणाल्या, "तीन वर्षांमागं दिराचा पाय काढला, तेव्हा हे म्हणाले होते, माझ्यावर अशी वेळ आली तर मला जाऊ द्या." सून म्हणाली, "महिन्याभरापूर्वी ड्रेसिंग करताना आबा मला म्हणाले, नातीची बारावी होईस्तोवर मला जगायचंय, डॉक्टर सांगतील ते करू." तिसरी गोष्टही आबांच्या पत्नीनेच सांगितली. ऑपरेशनच्या दिवशी पहाटे सहाला आबांनी त्यांना ओळखले, चहा मागितला, शेजारच्या खाटेवरचा माणूस रात्रभर कण्हत होता अशी तक्रारही केली. तासाभराने पुन्हा बरळू लागले.

या तिघींपैकी एकही गोष्ट कागदावर नाही, कारण कोणी विचारलेच नाही. पत्नी वॉर्डाबाहेर बसून होत्या. सून घरी मुलांपाशी होती. मुलगा आला, तो कमावता, म्हणून त्याच्यापुढे कागद आला.

पाय काढणे चुकीचे होते असे आम्ही म्हणत नाही. रक्तात जंतू पसरले असताना सडलेला भाग ठेवला तर माणूस दगावतो, हे खरे आहे. आमचे म्हणणे वेगळे आहे. माणूस स्वतः बोलू शकत नसेल तेव्हा त्याच्या वतीने कोणता निर्णय झाला, कोणाकोणाला विचारले, त्यांनाच का विचारले आणि ते काय म्हणाले, हे केसपेपरवर लिहिलेच पाहिजे. नुसता सहीचा रकाना त्यासाठी पुरत नाही.

सही करणारा नातेवाईक नेमके काय करत असतो, हे आधी पाहू. आपल्याकडे समज असा, की मुलाने सही केली म्हणजे निर्णय मुलाचा झाला. पण सज्ञान माणसाच्या शरीराचा मालक तो स्वतःच असतो. दिल्लीतल्या एका महिलेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 16 जानेवारी 2008 रोजी हे स्पष्ट केले. ती भूल देऊन तपासणीसाठी टेबलावर होती. डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची संमती घेतली आणि तिचे गर्भाशय व बीजकोश काढले. न्यायालयाने म्हटले की जिवावर बेतलेले नव्हते, ती थोड्या वेळाने शुद्धीवर येणारच होती, तेव्हा तिला विचारता आले असते. आईची संमती तिची संमती ठरत नाही.

म्हणजे पहिला प्रश्न असा, की हा माणूस आत्ता खरोखर निर्णय घेऊ शकत नाही का, आणि थांबलो तर घेऊ शकेल का? 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात निर्णयक्षमता कशी ओळखायची ते दिले आहे. तो कायदा मानसिक आजारांसाठी आहे, पण कसोटी कुठल्याही वॉर्डात कामाची आहे. सांगितलेली माहिती माणसाला समजते का, होकार-नकाराचा परिणाम काय होईल हे त्याला उमगते का, आणि आपला निर्णय तो बोलून, खुणेने किंवा हावभावाने कळवू शकतो का. "आज वार कोणता, तुम्ही कुठे आहात" एवढेच विचारून हे ठरत नाही. वार चुकणाऱ्या माणसालाही "पाय ठेवला तर मी मरेन" हे कळू शकते.

तापात किंवा रक्तात जंतू गेल्यावर होणारा भ्रम दिवसभर सारखा नसतो. तो चढतो-उतरतो आणि बहुधा रात्री जास्त असतो. म्हणून रात्री दहाला क्षमता नव्हती, एवढ्यावर सकाळी नऊचा निर्णय बसत नाही. पहाटे, चष्मा लावून, कान जड असेल तर जवळ जाऊन, त्याच्या बोलीत, पत्नीला शेजारी बसवून पुन्हा विचारायला हवे होते. आबा पहाटे सहाला काय म्हणाले असते ते आता कोणालाच कळणार नाही. विचारून उत्तर मिळाले नसते आणि तसे लिहिले असते, तरी आबांना पाचव्या दिवशी सांगायला काहीतरी असते.

दुसरा प्रश्न, त्याच्या वतीने बोलायचे कोणी? यावर महाराष्ट्रातला सर्वांत मोठा खटला मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधल्या अरुणा शानबाग यांचा आहे. 27 नोव्हेंबर 1973 रोजी हॉस्पिटलमध्येच सफाई कामगाराने या तरुण परिचारिकेवर अत्याचार केला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळल्याने मेंदूला रक्त पोहोचले नाही. त्यानंतर 18 मे 2015 रोजी निधन होईपर्यंत, 41 वर्षांहून जास्त काळ, त्या केईएममध्येच खाटेवर होत्या. त्यांच्यावर पुस्तक लिहिणाऱ्या पत्रकार पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, की त्यांना अन्न देणे थांबवून शांतपणे जाऊ द्यावे. केईएमच्या कर्मचाऱ्यांनी याला विरोध केला.

न्यायालयाने तीन डॉक्टर नेमले. त्यांनी अरुणाताईंना प्रत्यक्ष तपासले आणि त्यांची रोज काळजी घेणाऱ्या परिचारिकांशीही बोलले. मग न्यायालयाने 7 मार्च 2011 च्या निकालात आधी हे ठरवले की अरुणाताईंच्या वतीने बोलायचे कोणी, आणि कारण लिहिले. आई-वडील हयात नव्हते. इतर नातेवाईकांनी त्या पडल्यापासून लक्ष घातले नव्हते. विराणींची कळकळ मान्य, पण रात्रंदिवस सेवा केली ती केईएमच्या कर्मचाऱ्यांनी, म्हणून त्यांचे म्हणणे धरायचे. अर्ज फेटाळला गेला. पुढे अशा प्रकरणात उच्च न्यायालयाने डॉक्टरांची समिती नेमावी, जवळच्या नातेवाईकांना नोटीस द्यावी आणि रुग्णाचे हित कशात आहे याची कारणे देऊन निर्णय लिहावा, असेही सांगितले.

त्या निकालाशी कोणी सहमत असो वा नसो. पण कोणाला विचारले आणि का, हे कागदावर आहे, म्हणून आज आपण त्यावर वाद तरी घालू शकतो. रक्ताचे नाते आपोआप पुढे आले नाही, रोज अंग पुसणारी माणसे पुढे आली. आबांच्या घरी रोज जखम पुसणारी सून होती. तिला कोणी विचारले नाही.

इंग्लंडमध्ये 2005 साली यावर स्वतंत्र कायदाच झाला. रुग्णाने पूर्वी व्यक्त केलेली इच्छा, त्याच्या श्रद्धा आणि मूल्ये लक्षात घ्यावीत आणि शक्य तिथे त्याची काळजी घेणाऱ्यांना विचारावे, असे तो सांगतो. आपल्याकडे सर्वसाधारण उपचारांसाठी असा एक कायदा नाही. म्हणूनच केसपेपरवरच्या नोंदीला जास्त महत्त्व येते.

ती नोंद कशी असावी? आबांच्याच बाबतीत ती अशी झाली असती:

"बुधवार, सकाळी 7.30. निर्णय: डावा पाय गुडघ्याखाली काढणे. रुग्णाची निर्णयक्षमता रात्री 10.15, पहाटे 6 आणि सकाळी 7 वाजता तपासली. पायाला काय झाले आहे, ऑपरेशन कशाला, न केल्यास काय होईल, हे मराठीत सांगून त्याच्याकडून परत विचारले. रात्री आणि सात वाजता रुग्ण वर्कशॉपमध्ये आहोत असे समजून बोलत होता. सहा वाजता पत्नीला ओळखले, पाय काळा झाल्याचे समजले, पण ऑपरेशनचे बोलणे ध्यानात राहिले नाही. क्षमता परत येण्यास काही दिवस लागू शकतात. रक्तदाब उतरत असल्याने तेवढे थांबता येत नाही.

"पर्याय: एक, फक्त सडलेला भाग काढून औषधे, जंतू वर चढण्याचा धोका मोठा. दोन, गुडघ्याखाली पाय काढणे. तीन, ऑपरेशन न करता वेदना कमी ठेवणे, मृत्यू संभवतो.

"विचारलेल्या व्यक्ती: पत्नी, कारण 40 वर्षांचा सहवास. म्हणाल्या, तीन वर्षांपूर्वी भावाचा पाय काढला तेव्हा 'मला जाऊ द्या' असे म्हणाले होते. थोरली सून, फोनवर, कारण दोन महिने रोज ड्रेसिंग तीच करते. म्हणाली, महिन्यापूर्वी 'नातीची बारावी होईपर्यंत जगायचे आहे, डॉक्टर सांगतील ते करू' असे म्हणाले. थोरला मुलगा, घरातला कर्ता म्हणून. ऑपरेशन करावे असे मत. धाकटी मुलगी लातूरला, दोनदा फोन केला, लागला नाही.

"निर्णयाचे कारण: दोन्ही बोलणी रुग्णाचीच. अलीकडचे बोलणे स्वतःच्या आजाराबद्दल, याच जखमेबद्दल आणि डॉक्टरांवर सोपवणारे, म्हणून त्याला जास्त वजन दिले. पत्नीची हरकत ऐकली, कारण समजावून सांगितले. शुद्ध आल्यावर रुग्णाला हे सर्व सांगायचे आहे."

खाली डॉक्टरचे नाव, सही, वेळ. वाचायला दोन मिनिटे, लिहायला फार तर पंधरा. आबांच्या हाती ही नोंद पडली असती, तर तेही चिडले असतेच. पण आपले शब्द कोणीतरी विचारात घेतले होते, बायकोने आपली बाजू मांडली होती, मुलाने एकट्याने ठरवले नव्हते, हे त्यांना दिसले असते.

या नोंदीतली एक बाब ठळकपणे सांगतो. विचारताना प्रश्न "तुम्हाला काय वाटतं?" असा ठेवला, की नातेवाईक स्वतःची भीती, खर्च, लोक काय म्हणतील हे सांगतात. प्रश्न "ते स्वतः बोलू शकले असते, तर काय म्हणाले असते? असे कधी काही बोलले होते का?" असा हवा. उत्तर जमेल तितके रुग्णाच्याच शब्दांत लिहावे. आणि विचारणे म्हणजे मतदान घेणे नव्हे. दोघांनी हो म्हटले आणि एकाने नाही, म्हणून निर्णय होत नाही. उपचार योग्य की नाही ही जबाबदारी डॉक्टरची राहते. घरच्यांनी त्या माणसाची ओळख करून द्यायची असते.

डॉक्टर म्हणतील, कॅज्युअल्टीत एवढा वेळ कुठे? खरे आहे. अपघातात रक्त वाहत असेल, श्वास थांबत असेल तर कोणालाही न विचारता उपचार सुरू करायचे असतात. भारतीय न्याय संहितेचे कलम 30 यासाठीच आहे: संमती देता येत नाही, देणारा कोणी वेळेत मिळत नाही, तेव्हा माणसाच्या भल्यासाठी सद्भावनेने केलेली कृती गुन्हा ठरत नाही. पण तेव्हाही वेळ, थांबता का आले नाही आणि कोणाला फोन केला, या तीन ओळी नंतर लिहिता येतात. आबांच्या वेळी तर रात्री दहा ते सकाळी नऊ, अकरा तास हातात होते.

व्हेंटिलेटर काढणे किंवा जिवंत ठेवणारे उपचार थांबवणे ही मात्र वेगळी वाट आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये त्याची पद्धत घालून दिली आणि 24 जानेवारी 2023 रोजी ती सोपी केली. हॉस्पिटलचे तीन डॉक्टरांचे पहिले मंडळ, मग जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी सुचवलेला एक डॉक्टर असलेले दुसरे मंडळ, जवळच्या नातेवाईकांची लेखी संमती आणि दंडाधिकाऱ्यांना कळवणे, असा तो क्रम आहे. प्रत्यक्षात बिल वाढत गेले की "नातेवाईक डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध नेत आहेत" या कागदावर सही घेऊन माणूस घरी पाठवला जातो. त्या कागदात रुग्णाची इच्छा नसते, डॉक्टरचे मत नसते, खर्चाचा उल्लेखही नसतो. सगळा भार सही करणाऱ्या मुलावर किंवा मुलीवर राहतो आणि तो आयुष्यभर राहतो. अशा कागदावर सही करण्यापूर्वी "बरे होण्याची आशा किती, आणि का नेत आहोत, हे आधी लिहा" असे म्हणावे.

आपल्याकडून काय करता येईल? वॉर्डात कागद पुढे आला, की सही करणाऱ्याने तीन वाक्ये बोलावीत. "डॉक्टर, त्यांना स्वतःला पुन्हा एकदा विचारून बघता का?" "त्यांची रोजची काळजी ही घेते, तिच्याशी बोला." "आम्ही काय सांगितले ते पेपरवर लिहा." लिहिले नाही, तर घरच्या वहीत तारीख, वेळ, डॉक्टरचे नाव आणि कोण काय बोलले ते त्याच रात्री लिहून ठेवावे. चार दिवसांनी आठवण बदलते. केसपेपरची नक्कल रुग्ण किंवा त्याचा अधिकृत माणूस लेखी मागू शकतो. डॉक्टरांच्या 2002 च्या आचारसंहितेप्रमाणे ती 72 तासांत द्यायची असते आणि कागद तीन वर्षे जपायचे असतात. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नये. आणि लक्षात ठेवावे, की ऑपरेशनच्या कागदावर सही केली म्हणून रुग्णाच्या बँकखात्यावर किंवा घरावर कोणाला हक्क मिळत नाही.

हॉस्पिटलांकडे आमची मागणी लहान आहे. संमतीपत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पाच रकाने छापा: क्षमता कधी आणि कशी तपासली, पर्याय कोणते, कोणाला विचारले आणि का, रुग्ण पूर्वी काय म्हणाला होता, निर्णयाचे कारण. बाहेर बाकड्यावर बसलेल्या बाईला आत बोलवावे लागेल, ते त्या तिसऱ्या रकान्यामुळे.

आबा आता कृत्रिम पाय लावून विहारापर्यंत चालत येतात. आम्ही वर दिलेली नोंद त्यांना वाचून दाखवली. शेवटपर्यंत ऐकले आणि सुनेकडे बघून म्हणाले, "हे मी बोललो होतो खरं." मग मुलाला म्हणाले, "तू का नाही विचारलंस हिला?" त्या दिवशी बाप-लेक बऱ्याच वेळ बोलत बसले.